बिनपगारी रजेवर जाणाऱ्याला आकडा आधी द्या : पगार विभागांना खुले पत्र

पगारपत्रक तयार करणाऱ्या आणि रजा मंजूर करणाऱ्या सर्व सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी १६ वर्षे तुमच्यातलीच एक होते. महिनाअखेर हजेरी आली की ती तपासायची, कपाती भरायच्या, पगार काढायचा आणि पगाराच्या दिवशी फोन वाजायला लागले की उत्तरे द्यायची, हेच माझे काम होते. त्या फोनांत सर्वांत जास्त त्रास बिनपगारी रजेच्या कपातीचा असे. पगार थोडा इकडेतिकडे झाला तर माणूस विचारून गप्प बसतो. बिनपगारी रजा घेऊन आलेल्या माणसाचे तसे नसते. घरात आजारपण किंवा तसेच काही निकडीचे असते म्हणूनच तो पगार सोडून गेलेला असतो, आणि परत आल्यावर हातात किती पडणार यावर त्याने आधीच खर्च लावून ठेवलेला असतो. तो आकडा चुकला की सगळे कोलमडते.

एका सहकारी बाईंची गोष्ट सांगते, कारण ती चूक माझ्या हातून झाली होती. त्यांच्या आईचे ऑपरेशन होते. शिल्लक रजा संपली होती, म्हणून त्यांनी बिनपगारी रजा मागितली आणि साहेबांनी ती तोंडी मंजूर केली. पगाराच्या दिवशी त्या पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मी या महिन्यात १४ दिवस कामावर होते. चिठ्ठीत १० च दिसतायत." मी आधी त्यांनाच समजावायला लागले की मधले शनिवार-रविवारही रजेत धरले जातात. त्या ऐकून घेत होत्या, पण त्यांचा चेहरा काही पटल्याचा दिसत नव्हता. मग मी कागद घेऊन हिशोब मांडायला बसले आणि पाचव्या मिनिटाला मलाच घाम फुटला.

त्यांचा खरा पगार इथे लिहिणार नाही. समजायला सोपा पडावा म्हणून एकूण पगार महिन्याला ६२,००० धरते, महिना ३१ दिवसांचा, १ तारखेला सोमवार, आठवड्याला शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे कामाचे दिवस २३ आणि साप्ताहिक सुट्ट्या ८. रजा ११ तारखेच्या गुरुवारपासून २३ तारखेच्या मंगळवारपर्यंत. बुधवारी २४ ला त्या कामावर हजर. कॅलेंडरवर मोजले तर हे १३ दिवस होतात. मधले दोन शनिवार आणि दोन रविवार वगळले तर कामाचे ९ दिवस.

आता कपात किती? पहिली पद्धत कॅलेंडरची. ६२,००० ला ३१ ने भागले की एका दिवसाचे २,००० येतात. गैरहजेरी १३ दिवसांची, म्हणून कपात २६,००० आणि उरलेला पगार ३६,०००. दुसरी पद्धत कामाच्या दिवसांची. ६२,००० ला २३ ने भागले की दिवसाचा दर साधारण २,६९६ येतो. गैरहजेरी ९ दिवसांची, म्हणून कपात २४,२६१ आणि पगार ३७,७३९. दोन्ही उत्तरे वेगळी आहेत, पण दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिल्या पद्धतीत रविवारलाही पगार आहे, म्हणून रविवार बुडला तर त्याचे पैसे जातात. दुसरीत सगळा पगार कामाच्या दिवसांवरच वाटलेला आहे, म्हणून प्रत्येक दिवस महाग आहे, पण मोजायचे दिवस कमी आहेत.

मी केले होते तिसरेच. आमच्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये भाजक २३ होता, म्हणजे कामाच्या दिवसांचा. हजेरीच्या यंत्राकडून आलेली फाइल मात्र गैरहजेरी कॅलेंडरप्रमाणे १३ दिवस दाखवत होती, कारण रजेच्या अर्जावर फक्त "११ ते २३" एवढेच लिहिलेले होते. मी २,६९६ चा दर १३ ला लावला. कपात झाली ३५,०४३ आणि पगार उरला २६,९५७. त्या महिन्यात कुठलीही प्रामाणिक पद्धत वापरली असती तरी बाईंना निदान ९,००० जास्त मिळायला हवे होते. शनिवार-रविवारचे पैसे त्यांना मुळात मिळत नव्हते, आणि तरी ते चार दिवस मी त्यांच्याकडून कापून घेतले होते.

फरक पुढच्या महिन्यात थकबाकी म्हणून दिला. पण दवाखान्याचे बिल त्या महिन्यातच भरायचे होते, आणि त्या बिलासाठी त्यांनी उसने पैसे घेतले हे मला नंतर कळले. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मित्रांनो, ही चूक विरळ नाही. ती माणसाच्या निष्काळजीपणापेक्षा कामाच्या वाटणीतून होते. रजा मंजूर करणारा वेगळा, हजेरी सांभाळणारा वेगळा, पगार काढणारा वेगळा. भाजक कोणीतरी कधीतरी सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवलेला असतो आणि दिवस कोणीतरी दुसराच मोजत असतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त दोघांची मोजपट्टी एक नसते. म्हणून पहिली विनंती ही की भाजक आणि दिवसांची मोजणी या दोन गोष्टी कधीही वेगळ्या सांगू नका. "आम्ही २३ ने भागतो" हे उत्तर अर्धवट आहे. "आम्ही २३ ने भागतो आणि फक्त कामाचे दिवस मोजतो" हे पूर्ण उत्तर आहे.

ताळा करायची एक सोपी रीत आहे आणि ती प्रत्येक कर्मचाऱ्याला शिकवावी असे मला वाटते. चिठ्ठीत पगाराचे दिवस आणि बिनपगारी दिवस छापलेले असतात, बऱ्याच ठिकाणी त्याला एलओपी म्हणतात. कॅलेंडरच्या आणि कामाच्या दिवसांच्या पद्धतीत या दोहोंची बेरीज भाजकाएवढी यायलाच हवी. पण बेरीज जुळली म्हणजे सगळे जुळले असे नाही. माझ्या चुकीच्या चिठ्ठीतही १० आणि १३ मिळून २३ च होत होते. म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा: पगाराचे जे दिवस लिहिलेत ते मी खरोखर भरलेल्या दिवसांशी जुळतात का? कामाचे दिवस मोजायचे असतील तर १ ते १० मधले ८ आणि २४ ते ३१ मधले ६, असे १४ भरतात. चिठ्ठीत १० होते. बाईंनी नेमके हेच पकडले होते, सॉफ्टवेअर न पाहता, बोटांवर मोजून.

आता आणखी एका पद्धतीबद्दल, कारण ती खूप ठिकाणी चालते आणि तिच्यातली खोच फारसे कोणी सांगत नाही. महिना २८ चा असो की ३१ चा, भाजक कायम ३० धरायचा. दिसायला सोयीचे आहे, दिवसाचा दर वर्षभर तोच राहतो. ६२,००० ला ३० ने भागले की २,०६७ येतात. आमच्या उदाहरणातले १३ दिवस कापले तर कपात २६,८६७ आणि पगार ३५,१३३. पण दुसऱ्या कोणी हाच हिशोब उलट बाजूने मांडला, म्हणजे कपात न करता हजेरीच्या १८ दिवसांचा पगार दिला, तर येतात ३७,२००. माणूस तोच, महिना तोच, भाजकही तोच आणि तरी एका दिवसाच्या पगाराचा फरक. कारण उघड आहे. महिन्यात ३१ दिवस आहेत आणि आपण ३० च मानले आहेत, मग तो एकतिसावा दिवस कपातीच्या बाजूला पडतो की कमाईच्या, हे मांडणीवर ठरते. २८ दिवसांच्या फेब्रुवारीत हेच उलटते. तेव्हा १३ दिवस गैरहजर माणसाचा पगार कपातीच्या मांडणीने ३५,१३३ येतो आणि हजेरीच्या मांडणीने ३१,०००. आता दोन दिवसांचा फरक, आणि या वेळी कपातीची मांडणी कर्मचाऱ्याच्या फायद्याची.

कायमचा ३० हा भाजक वाईट आहे असे मी म्हणत नाही. मला फक्त एवढे हवे की तो वापरणाऱ्याने कपात करायची की हजेरीचे दिवस मोजायचे हे आधी ठरवावे, लिहावे आणि मग बारा महिने तेच करावे. महिना पाहून मांडणी बदलणे हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ३१ च्या महिन्यात कपात, फेब्रुवारीत हजेरी. दोन्ही वेळा पैसे कंपनीकडे. ती चूक नसते, आणि कर्मचाऱ्याला ती कधीच दिसत नाही, कारण त्याला वर्षातून एकदाच बिनपगारी रजा पडते.

पद्धत धड आहे की नाही हे पाहण्यासाठी पूर्ण महिन्याची परीक्षा घ्या. माणूस पूर्ण महिना गैरहजर असेल तर कपात बरोबर पगाराएवढी यायला हवी. कॅलेंडरची पद्धत यात उतरते, कामाच्या दिवसांचीही उतरते. ३० च्या भाजकाने कपात केली तर फेब्रुवारीत अख्खा महिना न आलेल्या माणसालाही ४,१३३ द्यावे लागतात आणि ३१ च्या महिन्यात कपात पगारापेक्षा मोठी होते. वर्षाचा पगार २६० कामाच्या दिवसांनी भागणारेही आहेत. त्यांचा दर २,८६२ येतो, आणि २३ कामाच्या दिवसांच्या महिन्यात तेवढे सगळे दिवस कापले तर ६५,८१५ होतात, म्हणजे न आलेला माणूस उलट कंपनीचे देणे लागतो. अशा ठिकाणी पूर्ण महिन्यासाठी वेगळा नियम लागतो, आणि तो कुठेतरी लिहिलेला असावा लागतो.

महिना कोणता, यानेही फरक पडतो. कामाच्या दिवसांची पद्धत असेल तर २० कामाचे दिवस असलेल्या महिन्यात एका दिवसाची किंमत ३,१०० होते. तेच ९ दिवस त्या महिन्यात पडले असते तर कपात २७,९०० झाली असती, २३ च्या महिन्यापेक्षा ३,६०० हून जास्त. यात अन्याय काही नाही. महिन्याचा पगार तोच असतो, दिवस कमी असले की प्रत्येक दिवस महाग पडतो. पण रजा पुढेमागे करता येण्यासारखी असेल तर माणसाला हे आधी कळायला हवे. आईचे ऑपरेशन पुढे ढकलता येत नाही, पण घराची दुरुस्ती येते.

आता रजेच्या दोन टोकांकडे येते. तंटे बहुतेक तिथेच होतात. समजा बाई ११ ला गेल्या आणि सोमवारी २२ ला परत आल्या. शेवटचा कामाचा दिवस जो बुडला तो शुक्रवार १९. कॅलेंडरच्या पद्धतीत मधला १३ आणि १४ चा शनिवार-रविवार रजेत गेला, त्यावर फारसे कोणी भांडत नाही. पण २० आणि २१ चे काय? कोणी म्हणेल रजा १९ ला संपली, ९ दिवस, १८,०००. कोणी म्हणेल परत येईपर्यंत रजाच होती, ११ दिवस, २२,०००. एका वाक्याच्या अर्थावर ४,००० अडकलेले आहेत. आणि त्या रविवारी बाई दवाखान्यात होत्या की घरी, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणून अर्जावर "११ ते २१" किंवा "११ पासून ११ दिवस" असे काही लिहून घेऊ नका. दोन तारखा लिहून घ्या: पगार न मिळणारा शेवटचा दिवस कोणता आणि पगार पुन्हा सुरू होण्याचा पहिला दिवस कोणता. या दोन तारखांच्या मध्ये एकही दिवस मोकळा राहिला नाही की वादाला जागाच उरत नाही. सार्वजनिक सुट्टी मध्ये किंवा टोकाला आली तर तिचेही याच कागदावर ठरवा. एवढे मात्र लक्षात ठेवा की सुट्टीचा दिवस बिनपगारी धरण्याचा नियम कॅलेंडरच्या मोजणीतच शोभतो. कामाच्या दिवसांनी भागता आणि वर मधले शनिवार-रविवार कापता, असे करणारे माझी जुनी चूक नियम म्हणून राबवत आहेत.

काही शिल्लक रजा असेल तर ती आधी लावायची की नंतर, हेही टोकांचेच आहे. बाईंच्या खात्यात दोन पगारी रजा असत्या तर त्या ११ आणि १२ ला लावायच्या की २२ आणि २३ ला? शेवटी लावल्या तर पगारी दिवस २२ ला सुरू होतो आणि २०-२१ चा प्रश्न उभा राहतो. सुरुवातीला लावल्या तर तोच प्रश्न १३-१४ साठी येतो. कुठे लावायची हे कर्मचाऱ्याला विचारा आणि त्याचा परिणाम त्याला सांगा. सॉफ्टवेअर जे आपोआप करते ते त्याला माहीत नसते.

हजेरी बंद होण्याच्या तारखेबद्दल थोडे. पगार महिनाअखेरीस द्यायचा म्हणून हजेरी साधारण २० ते २५ च्या दरम्यान गोठवली जाते आणि पुढचे दिवस हजर धरून पगार निघतो. आपल्या उदाहरणात हजेरी २० ला बंद झाली, तर ११ ते २० चे १० दिवस या महिन्यात कापले जातील आणि २१, २२, २३ चे तीन दिवस पुढच्या महिन्यात. मग पुढचा महिना पूर्ण भरलेल्या माणसाला ६,००० कमी येतात आणि तो घाबरून धावत येतो. इथे दोन गोष्टी सांभाळा. दर ज्या महिन्यात गैरहजेरी झाली त्या महिन्याचा लावा, ज्या महिन्यात कापता त्या महिन्याचा नको. आणि पुढच्या चिठ्ठीत ही कपात मागच्या महिन्याची आहे असे तारखांसह छापा. ती तशीच चालू महिन्याच्या एलओपीत घुसवली की हजेरी आणि चिठ्ठी जुळत नाहीत, आणि वर्षभराने कोणी तपासायला बसले तर कोणालाच उलगडा होत नाही.

एक गोष्ट मी स्वतः पगार काढत असूनही बरीच वर्षे नीट पाहिली नव्हती. ती म्हणजे ज्या कपाती पगाराबरोबर घटत नाहीत त्यांची. कर आणि निवृत्ती निधी बाजूला ठेवू. समजा बाईंच्या पगारातून कर्जाचा हप्ता १५,००० आणि विम्याचा हप्ता ३,००० जातो. एरवी ६२,००० मधून १८,००० जाऊन हातात ४४,००० येतात. रजेच्या महिन्यात पगार ३६,००० झाला, पण १८,००० तसेच गेले. हातात १८,०००. एकूण पगार दोन पंचमांशाने घटला, पण हातातली रक्कम निम्म्याहून जास्त घटली. "तेरा दिवसच तर गेले" असे मनाशी धरून बसलेल्या माणसाला हा धक्का असतो आणि तो आपल्यावर अविश्वास दाखवतो. चूक कुणाचीच नसते. आधी कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

रजा महिनाभराची असेल तर हप्ते कापायला पगारच उरत नाही. मग विम्याचा हप्ता कोण भरणार, तो न भरल्यास घरच्यांचे संरक्षण चालू राहणार की थांबणार, कर्जाचा हप्ता माणसाने स्वतः बँकेत भरायचा की तुम्ही पुढच्या महिन्यात दोन एकदम कापणार, याची उत्तरे तो जाण्याआधी हवीत. दवाखान्यासाठी रजा घेतली आणि त्याच रजेमुळे विमा बंद पडला, यापेक्षा वाईट काय असेल? विम्याचे उत्तर विमा पाहणाऱ्या माणसाकडून लेखी घ्या, अंदाजाने देऊ नका.

कराबद्दल एवढेच. जिथे मालक दर महिन्याला अंदाजी वार्षिक उत्पन्नावर कर कापतो, तिथे बिनपगारी रजेने वर्षाचे उत्पन्न घटते, म्हणून कराचा अंदाज त्याच महिन्यात पुन्हा काढायला हवा. तो तसाच ठेवला तर आधीच कमी झालेल्या पगारातून पूर्वीइतकाच कर जातो. पैसे पुढे वळते होतात, पण गरज त्या महिन्यात असते.

कशाकशावर कपात लागते हेही सांगा. मूळ पगारावरच की सगळ्या भत्त्यांवर? ठरावीक भत्ता दिवसांच्या प्रमाणात घटतो का? वार्षिक रजा जमा होणे, पगारवाढीची तारीख, बोनस, सलग सेवा, परिविक्षेचा काळ यांवर बिनपगारी दिवसांचा परिणाम होतो की नाही, हे प्रत्येक आस्थापनेत आणि प्रत्येक करारात वेगळे असते. लहान रजेत यातले बरेचसे लागू होत नाही, दोन-तीन महिन्यांच्या रजेत जवळजवळ सगळे होते. विचारल्यावर उत्तर तयार असावे.

आणि मंजुरी. बाईंना साहेबांनी "जा, काळजी करू नका" म्हटले होते, अगदी मनापासून. पण ते वाक्य माझ्या टेबलापर्यंत पोहोचले नव्हते. पगार विभागाला मंजूर बिनपगारी रजा आणि न सांगता गैरहजर राहणे या दोन वेगळ्या नोंदी असतात. पहिलीत फक्त पगार जातो, दुसरीत शिस्तीची कारवाई आणि सेवेत खंडही येऊ शकतो. साहेबांची बदली झाली, ते स्वतः रजेवर गेले, तर तोंडी शब्दाला साक्षीदार कोण? म्हणून मंजुरीच्या मेलमध्ये रजेचा प्रकार लिहिलेला हवा आणि ती पगार विभागालाही गेलेली हवी.

कर्मचारी मित्रांनो, हे पत्र पगार विभागाला असले तरी तुम्हीही वाचत असाल. जाण्याआधी एक मेल टाका. मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत लोकांना जो मजकूर लिहून देत असे, तो साधारण असा होता:

"मी ११ तारखेपासून बिनपगारी रजेवर जात आहे. पगार न मिळणारा शेवटचा दिवस २३, पगार पुन्हा सुरू होण्याचा पहिला दिवस २४. कृपया कळवावे की पगार किती दिवसांनी भागला जाईल आणि बिनपगारी म्हणून किती दिवस मोजले जातील, मधले शनिवार-रविवार धरून की सोडून. कोणत्या महिन्याच्या पगारातून किती रक्कम कापली जाईल आणि सर्व कपाती जाऊन या महिन्यात व पुढच्या महिन्यात माझ्या खात्यात अंदाजे किती जमा होईल. माझा विमा आणि कर्जाचा हप्ता या काळात कसा चालेल. परतीची तारीख बदलली तर मी कोणाला, किती दिवस आधी कळवायचे."

मेलला उत्तर येईपर्यंत निघू नका, असे मी म्हणणार नाही. आजारपण उत्तराची वाट पाहत नाही. पण मेल गेलेली असावी, आणि उत्तर आले नाही तर दोन दिवसांनी त्याच मेलवर पुन्हा विचारावे. उत्तर फोनवर आले तर फोन ठेवल्यावर दोन ओळी लिहून पाठवाव्यात: "आत्ता बोलल्याप्रमाणे ९ दिवस मोजले जातील, कपात अंदाजे २४,२६१ होईल, असे मी समजते." समोरचा गप्प राहिला तरी ती ओळ तारखेसह राहते. आणि मेलची प्रत कार्यालयाच्या पत्त्याबरोबर स्वतःच्या पत्त्यावरही ठेवावी, कारण लांब रजेत कार्यालयाचे खाते काही ठिकाणी बंद केले जाते.

आता पुन्हा तुमच्याकडे वळते. या मेलचे उत्तर द्यायला किती वेळ लागतो हे मी घड्याळ लावून पाहिले आहे. भाजक आणि मोजणीचा नियम एकदा लिहून ठेवला असेल तर दहा मिनिटेसुद्धा पुरतात. चुकलेली कपात शोधून, थकबाकी काढून, कर पुन्हा मोजून दुरुस्त करायला अर्धा दिवस जातो, शिवाय समोर बसलेल्या माणसाच्या नजरेला नजर देता येत नाही ते वेगळेच.

तुम्हाला विचारल्यावर देण्यापेक्षा न विचारता द्या, ही माझी खरी मागणी आहे. बिनपगारी रजेचा प्रत्येक मंजूर अर्ज तुमच्याकडे आला की त्याला उत्तर म्हणून एक पान जावे. त्यावर भाजक, मोजलेले दिवस, दोन तारखा, कपातीची रक्कम, न घटणाऱ्या कपाती आणि शेवटी एक आकडा असावा: खात्यात अंदाजे किती येणार. "अंदाजे" हा शब्द जरूर ठेवा, परतीची तारीख बदलू शकते, ऐनवेळी एखादी सुट्टी जाहीर होऊ शकते. पण आकडा असू द्या. आणि पगाराच्या चिठ्ठीवर एलओपीच्या शेजारी भाजक छापा. तेवढी एक जागा सॉफ्टवेअरमध्ये करून घेणे कुठल्याच पगार विभागाला अशक्य नाही, मी स्वतः एका महिन्यात करून घेतली होती.

त्या बाई नंतर पुन्हा एकदा बिनपगारी रजेवर गेल्या. या वेळी फक्त चार दिवसांसाठी. निघण्याआधी त्या माझ्या टेबलाशी आल्या, मी लिहिलेले पान घेतले, उभ्या उभ्या सगळे आकडे स्वतः मोजून पाहिले, घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे."

आपली,
पगारपत्रकांवर १६ वर्षे काम केलेली एक सहकारी